कोणत्या रुपयामागे

दुकानात कोणी "रुपयामागं दोन आणे सोडा" म्हटलं, की माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, ही बाई चिक्कू आहे. असेन, पण रागाचं कारण ते नव्हतं. मला त्याला विचारावंसं वाटायचं, कोणत्या रुपयामागं? आमच्या की तुझ्या? हा प्रश्न मी वेळेवर विचारला नव्हता, आणि त्यापायी माझी गादी जायची वेळ आली होती.

आमचं सावली गावाला कापडाचं दुकान होतं. घराचीच पुढची खोली. दोन भिंतींना फळ्या, मधे पांढरी गादी, कोपऱ्यात गल्ल्याची पेटी. मागे एक दार, त्याला पडदा, पडद्यामागे आमचा संसार. मी लग्न होऊन आले तेव्हा गादीवर मामाजी बसायचे, म्हणजे माझे सासरे. माझा नवरा बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. कापडात त्याला कवडीचा रस नव्हता. मला होता, पण सुनेला कोण विचारतो?

मग मामाजींचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. मोतीबिंदू. आधी धोतराची किनार दिसेना, मग गिऱ्हाइकाचं तोंड दिसेना. एक दिवस त्यांनी सतराचं लुगडं सात म्हणून दिलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मी पडद्याआडून म्हटलं, "मामाजी, मी वाचते, तुम्ही बोला." चार वर्ग शिकलेली होते मी, पाढे तोंडपाठ होते, आणि तोंड तर माहेरापासूनच चालू. थोडे दिवस मी वाचत गेले, ते बोलत गेले. मग ते नुसते बसायला लागले आणि मी बोलायला लागले. मग त्यांचं गादीवर बसणंही सुटलं. ते पडद्यामागे खाटेवर बसून ऐकायचे.

गावात बोलणं झालंच. सून दुकानात बसते म्हणजे काय! मूल गावाला मामाजींचा पुतण्या होता, तो तर टपूनच होता. "काका, मी येऊन सांभाळतो," असे त्याचे निरोप महिन्याला यायचे. मामाजींनी मला समोर बसवून अट सांगितली. तिची अक्षरं मला अजून पाठ आहेत.

"सुनबाई, खरेदीच्या रुपयामागं दोन आणे नफा राह्यलाच पायजे. त्याच्या खाली एक पैसा नाई. त्यातला एक आणा गाडीभाड्यात, दिव्याच्या तेलात, उंदरांच्या तोंडात जाते. दुसरा आणा आपण खातो. ज्या दिवशी दोन आणे राह्यले नाई, त्या दिवशी मी पुतण्याले बलावतो. मंग रुसाचं नाई."

मी म्हटलं, "रुसणार नाही." मनात म्हटलं, बोलावूनच दाखवा.

भाव चढवायची आमची रीत सोपी होती. नागपूरहून माल आला की प्रत्येक कपड्याला चिठ्ठी लावायची. चिठ्ठीच्या कोपऱ्यात खरेदीचा आकडा खुणेच्या अक्षरांत, गिऱ्हाइकाला न कळणारा. खाली बोलायचा भाव, सगळ्यांना कळणारा. खरेदीच्या सोळा आण्यांच्या रुपयावर चार आणे चढवायचे, म्हणजे सोळाचं लुगडं वीस. गिऱ्हाईक घासाघीस करणार, आपण थोडं उतरणार. हे मी महिन्याभरात शिकले. उतरायचं किती, हे मला कोणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटायचं त्यात शिकण्यासारखं काय आहे? चार चढवले, दोन ठेवायचे, म्हणजे दोन सोडता येतात. दूध पिणारं पोरही सांगेल. इतकंच, की किरकोळ गिऱ्हाईक एखाद्या आण्यावर खूश होऊन जायचं, त्यामुळे दोनपर्यंत पोचायची पाळी आली नव्हती.

ती आली वैशाखात, एका बस्त्याच्या वेळी.

आमच्याकडे लग्नाच्या कापडखरेदीला बस्ता म्हणतात. मुलीकडचे आणि मुलाकडचे दोघंही दुकानात येतात, एकेक कपडा पसंत होतो, एका जागी रचला जातो, शेवटी सगळ्याची बेरीज. बेरजेवर सूट मागायची, आणि ती व्याह्यांसमोर मागायची. त्यात मान असतो. सूट ठरली की दुकानदारानं सगळ्यात वरच्या लुगड्याला हळदकुंकू लावायचं. ते लागलं की भाव संपला. मग ना गिऱ्हाइकानं एक पैसा कमी म्हणायचा, ना दुकानदारानं जास्त. ही सावलीतल्या सगळ्या दुकानांची रीत होती, आणि ती मोडलेली मी कधी पाहिली नाही.

तो बस्ता ढिवर मोहल्ल्यातल्या एका बाईच्या मुलीचा होता. ही बाई बाजारात मासोळ्या विकायची. मी तिला मावशी म्हणायचे. आमच्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. वैशाखात तळी आटतात, मासोळी एका जागी येते, म्हणून तिचा नवरा सकाळपासून तळ्यावर जाळं घेऊन होता. पैशाचा व्यवहार तसाही तिच्याच हातात होता. मुलाकडचे नदीपलीकडून आले होते, आणि त्यांच्यात नवऱ्या मुलाचा मामा होता. देवानं त्याला फक्त बोलायलाच जन्माला घातलं असावं. मी लुगडं उलगडलं की हा किनार चोळून बघायचा आणि नाक मुरडायचा. मला असा संताप येत होता! पण मावशीकडे बघून गिळत होते. ती बिचारी एका कोपऱ्यात पदर सावरून बसली होती, आणि प्रत्येक कपड्याबरोबर तिचे ओठ हलत होते. बेरीज करत होती. लिहिता येत नव्हतं, पण तिची बेरीज माझ्याआधी व्हायची.

नवरीला दोन लुगडी, विहिणीला एक, नवऱ्याच्या आत्याला एक, धोतरं, फेटा, तीन खण. नव्व्याण्णव रुपये झाले. नव्व्याण्णव बरे दिसत नाहीत, म्हणून मावशीनं अजून एक रुपयाचा खण टाकला. शंभर.

मुलाचा मामा मांडी बदलून बसला. "आता बोला बाई, काय सोडता? गडचिरोलीत आमाले रुपयामागं दोन आणे सोडत होते. या बाईनंच हट केला, सावलीलेच जाऊ म्हणून."

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. तिचा चेहरा एवढासा झाला. व्याह्यांसमोर ती खोटी पडत होती, आणि ती आमच्यासाठी पडत होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गडचिरोलीचं कौतुक मला सांगतो! मी मनात झटकन हिशोब केला. चार चढवलेले, दोन सोडले, दोन राहिले. मामाजींची अट शाबूत. आणि म्हणाले, "दोन आणे तर दोन आणे. आमचं दुकान काय गडचिरोलीच्या खाली आहे?"

पडद्यामागे मामाजी खोकले. मोठ्यानं, एकदाच. मला वाटलं, उन्हाळ्याचा ठसका. मी बोट कुंकवात बुडवलं आणि वरच्या लुगड्याला लावलं.

साडेबारा रुपये सुटले. साडेसत्त्याऐंशी द्यायचे. मावशीनं कनवटीची पुरचुंडी सोडली, नोटा आणि नाणी गादीवर मांडली, मोजून माझ्याकडे सरकवली. पुरचुंडीत अडीच रुपये उरले. ते तिनं परत गाठ मारून बांधले. जाताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं मी जग जिंकलं. मुलाचा मामासुद्धा निमूट बैलगाडीत चढला.

गाडी वळणाआड गेली आणि मामाजींनी हाक मारली. "सुनबाई, किती राह्यले?"

"दोन आणे, मामाजी. बरोब्बर दोन."

"मोजून सांग."

मी चिठ्ठ्या काढल्या. खुणेचे आकडे एकाखाली एक मांडले. खरेदी ऐंशी. हातात आले साडेसत्त्याऐंशी. नफा साडेसात. ऐंशी रुपयांवर दोन आण्यांनी किती व्हायला पाहिजेत? दहा. मी परत बेरीज केली. परत साडेसात. ऐंशीला साडेसात म्हणजे रुपयामागं दीडच आणा पडत होता. अडीच रुपये कुठे गेले? मी कोणाला दिले नव्हते, कुठे पडले नव्हते, गल्ला माझ्या पायाशी होता. एखादा खण मोजायचा राहिला की काय म्हणून मी फळ्यासुद्धा पाहिल्या.

"सापडले?" मामाजींनी विचारलं.

"नाही."

"सापडनार नाई. तू चार आणे चढवले ते ऐंशीवर. अन् दोन आणे सोडले ते शंभरावर. चढवला तो आपला रुपया, सोडला तो बोललेला रुपया. बोललेले रुपये जास्त असते, मंग त्याच्यामागं सुटते बी जास्त. ऐंशीवर दोन आणे ठेवाचे म्हणजे नव्वदच्या खाली येता येत नाई. शंभरातून दहाच सुटू शकत होते. त्याचे एकशेसाठ आणे, शंभर रुपयांत वाटले तर दीड आण्याच्या जरासे वर. म्हणून तोंडानं दीडच बोलाचं. दीड बोललं तर नव्वद रुपये दहा आणे हाती येते, अट पाळली जाते. दोन बोललं का बुडाली."

इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं, आणि माझ्या डोक्यात दोन वर्षांत आलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून अजून राग आला.

"कार्ड घे," मामाजी म्हणाले. "पुतण्याले लिही. म्हणा, ये."

त्यांना दिसत नव्हतं ना. माझ्या जागी दुसऱ्याला बोलावण्याचं पत्र मलाच लिहावं लागलं. मी दौत ओढली आणि त्यांनी सांगितलं ते लिहिलं. एक अक्षर वाकडं येऊ दिलं नाही. 'सौ. सूनबाईंकडून दुकानाचा हिशोब नीट राहत नाही, तरी आपण सवडीने यावे.' सवडीने हा शब्द माझा. मामाजींनी 'लगेच' म्हटलं होतं. कार्ड मी गल्ल्याच्या पेटीवर ठेवलं. टपाल दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गादी झटकत होते. शेवटची म्हणूनच झटकत होते. तेवढ्यात मावशी आली. टोपली बाहेर पायरीवर ठेवली, आत आली आणि गादीच्या काठावर अडीच रुपये ठेवले.

"हे काय?"

"घ्या बाई. काल तुमी जास्त सोडले."

"कोण म्हणतं?"

"वीस वर्सांपासून येतो मी या दुकानात." आमच्याकडच्या बाया असंच म्हणतात, येतो, जातो. "माहं लगन झालं तवाचा बस्ता बी इथलाच. भाऊनं, तुमच्या मामाजीनं, दीड आण्याच्या वर कोणाले सोडलं नाई. पाटलाले बी नाई. काल तुमी दोन म्हटले अन् आतून भाऊ खोकलले. मले तवाच समजलं. पण व्याह्यापुढं कसं बोलू? घरच्या जाळ्यातलं पुरत नाई, मी बी माल घेऊन इकतो बाई. संध्याकाळी वाट्याचा भाव उतरवा लागते. पण ज्या भावानं घेतलं तो भाव डोक्यात ठेवूनच उतरवतो. सकाळी काय बोललो त्याच्यावरून उतरवलं, तर घरी रिकामी टोपलीच न्या लागन."

जे मला चार वर्ग शिकून कळलं नव्हतं, ते या बाईला मासोळीच्या टोपलीनं शिकवलं होतं.

आणि समोर अडीच रुपये होते. नेमके अडीच. ते उचलून गल्ल्यात टाकले की नव्वद होत होते. ऐंशीवर दहा. रुपयामागं दोन आणे, एक पैसा कमी नाही. पेटीवरचं कार्ड चुलीत जाणार होतं आणि गादी माझी राहणार होती. पडद्यामागे खाट करकरली, म्हणजे मामाजी ऐकत होते. खोटं कशाला सांगू, माझा हात पुढे झाला होता.

"कायचे पैसे आहेत हे?" मी विचारलं. उगाच विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"बांगड्याचे होते. राहू द्या. काचेच्या दोन-दोन भरू तिले. एक डाव लगन झालं का कोण मोजते?"

माझा हात मागे आला. नवरी पोरीच्या हातात दोन-दोन बांगड्या! कोण मोजतं म्हणे. नदीपलीकडचा तो मामा मोजेल की, पहिला. मला मावशीचाच राग आला, का ते सांगता येत नाही.

"उचला ते," मी म्हटलं. "कुंकू लागल्यावर भाव बदलतात का आपल्या गावात? वीस वर्षं येता म्हणता अन् एवढं माहीत नाही? जा, कासाराकडे जा, अन् कोपरापर्यंत भरा तिचे हात."

"पण तुमचं नुस्कान..."

"माझं मी बघते. उचला."

ती गेली. जाताना पायरीवर थांबली, पदरानं डोळे पुसले आणि टोपली डोक्यावर घेतली. मी गादीवर बसले. वाटलं, झालं, आता दुपारपर्यंतच. फळ्यांवरची लुगडी एकेक करून बघून घेतली. आपलं मूल दुसऱ्याच्या मांडीवर द्यायचं असावं तसं झालं होतं मला.

"सुनबाई," आतून हाक आली, "ते कार्ड वाचून दाखव."

मी वाचलं. आवाज कापू नये म्हणून मोठ्यानं वाचलं.

"हिशोब नीट राहत नाई, असं लिवलं?"

"तुम्हीच सांगितलं, तसंच लिहिलं."

"हूं." ते म्हणाले, "चढवाचं मी तुले शिकवलं. उतरवाचं शिकवलं होतं का?"

"नाई शिकवलं. काऊन नाई शिकवलं ते सांगतो. डोये गेले, गादी गेली. एवढं एक माह्यापाशी राह्यलं होतं. वाटलं, अडलं तर इचारन मले येऊन. तू काई इचारलं नाई, अन् मी काई सांगतलं नाई. काल बी नुसता खोकललो. तोंड होतं ना मले?"

ते खाटेवरून उठले, भिंत चाचपत पडद्याबाहेर आले. कितीतरी महिन्यांनी ते दुकानात येत होते. मी हात द्यायला उठले तर म्हणाले, "बस तिथंच." कनवटीतून नाणी काढली, बोटांनी एकेक ओळखली. एक रुपया आणि एक पावली, म्हणजे सव्वा रुपया. तो गल्ल्यात टाकला.

"अडीचातले अर्धे माहे. अर्धी चूक माही होती. तुहे अर्धे तू टाक."

माझ्याकडे माहेरून येताना आईनं दिलेले दोन रुपये होते, लुगड्याच्या घड्यांत ठेवलेले. मी आत जाऊन आणले, सुटे करून सव्वा रुपया गल्ल्यात टाकला. वरचे बारा आणे हातातच धरून उभी राहिले. मामाजींनी कान दिला होता. नाणं पडल्याचा आवाज ऐकून ते म्हणाले, "किती झाले आता?"

"नव्वद."

"अन् ऐंशीवर?"

"दहा. रुपयामागं दोन आणे."

"मंग झालं तर. अट पाळली गेली."

मी कार्ड उचललं. "हे फाडू?"

"काऊन फाडते? तीन पैसे पडले त्याले." ते भिंत धरून परत वळले होते. "एका बाजूनं कोरी जागा असन ना? त्याच्यावर तो हिशोब लिहून ठेव. ऐंशी, शंभर, नव्वद. चार चढवले अन् दोन ठेवाचे असन, तर दीडच बोलाचं. अन् पेटीच्या झाकणाले आतून चिकटव."

"मला आता पाठ झालं, मामाजी. आणि तुम्हाला तर दिसत नाही. कोणासाठी लिहू?"

"तुह्यानंतर जो या गादीवर बसन, त्याच्यासाठी," ते म्हणाले. "त्याले तरी वेळेवर समजू दे."

पडदा हलला आणि खाट करकरली. मी दौत घेतली. पत्त्याच्या जागी पुतण्याचं नाव तसंच होतं, त्याच्या शेजारी मी ऐंशी लिहिलं, मग शंभर, मग नव्वद. या वेळी अक्षरं सगळी वाकडी आली. पुढे आण्यांचे नवे पैसे झाले, मामाजी गेले, झाकणातलं कार्ड पिवळं पडलं. त्या गादीवर मी एकतीस वर्षं बसले.